‘डायनॅमिक, गो-गेटर डिस्पॅच एक्झिक्युटिव्ह’ म्हणजे नक्की काम काय?

प्रेसशॉप_चाकण

नमस्कार मंडळी. चाकणजवळ एका प्रेस शॉपमध्ये मी एचआर बघते. एचआर म्हणजे हजेरी, पगार, पीएफ, कँटीनच्या तक्रारी आणि भरती, सगळं एकाच टेबलावर. साठेक माणसं आहेत, उलाढाल चौदा-पंधरा कोटींची. दुचाकीचे ब्रॅकेट आणि क्लॅम्प बनवतो. एक मोठा ग्राहक आणि दोन मधले पुरवठादार, अशा तिघांकडे रोज माल जातो.

डिस्पॅचची जागा पुन्हा रिकामी झाली आहे. साहेबांनी जुनी जाहिरात काढून दिली आणि म्हणाले, "जरा नीट करून टाक." ती अशी:

*"वेगाने वाढणाऱ्या कंपनीसाठी डायनॅमिक डिस्पॅच अँड लॉजिस्टिक्स एक्झिक्युटिव्ह पाहिजे. गो-गेटर, रिझल्ट ओरिएंटेड, मल्टिटास्कर आणि टीम प्लेअर असावा. एंड-टू-एंड ओनरशिप घेणारा, प्रेशरमध्ये काम करणारा. उत्तम कम्युनिकेशन स्किल्स. अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल. पदवीधर, एमबीए असल्यास प्राधान्य. अनुभव ३ ते ५ वर्षे. पुरुष, वय ३० च्या आत, स्वतःची दुचाकी. पगार: मार्केटप्रमाणे."*

यावर अर्ज येतात ते मार्केटिंगवाल्या एमबीएंचे, कुरिअर कंपन्यांमधल्या मुलांचे आणि "कुठलंही काम चालेल" म्हणणाऱ्यांचे. जो रुजू होतो तो थोड्या दिवसांत म्हणतो, "मॅडम, हे सांगितलं नव्हतं." प्रत्येक शब्दापुढे साधं मराठी लिहायला बसले, पण 'ओनरशिप'पुढे काय लिहू ते सुचेना. कुणी हे केलंय का?

---

रिया_एन

मी आयटीत भरती करते. सोपं आहे. विशेषणं सगळी काढून टाक आणि प्रत्येक ओळ क्रियापदाने संपव: तयार करणे, तपासणे, पाठवणे, कळवणे. शिवाय कौशल्य विकासवाल्यांची राष्ट्रीय व्यवसाय मानकं ऑनलाइन फुकट मिळतात. लॉजिस्टिक्सचीही आहेत. त्यातली आपल्या पदाची फाइल शोधायची आणि उचलायची. अर्ध्या तासाचं काम.

---

प्रेसशॉप_चाकण

@रिया, करून पाहिलं. माझं वाक्य झालं: "ग्राहक, उत्पादन व वाहतूकदार यांच्याशी समन्वय साधणे आणि वेळेत पुरवठा सुनिश्चित करणे." क्रियापदं आली, पण साहेबांना दाखवलं तर ते लगेच "छान" म्हणाले. तिथेच मला शंका आली. 😅

---

सुन्या_सांगलीकर

शंका बरोबरच आहे ताई. 'समन्वय साधणे' म्हणजे संध्याकाळी सात वाजता ड्रायव्हर, क्वालिटीवाला आणि कस्टमरचा स्टोअर्सवाला या तिघांच्या शिव्या एकाच फोनवर खाणे. मी रांजणगावात डिस्पॅचलाच आहे. जाहिरातीत तेवढंच लिहा, बरोबर माणूस येईल.

---

जुना_टाइमऑफिस

पर्सोनेल खात्यात उभी नोकरी झाली, आता निवृत्त आहे. रिया यांचं क्रियापदांबद्दलचं म्हणणं खरं आहे, मानकांची फाइलही काही राहून गेलं का ते ताडून बघायला उपयोगी पडते. पण ती सगळ्या देशासाठी लिहिलेली असते. तुमच्या गेटवर संध्याकाळी गाडी अडली तर निर्णय कुणाचा, हे त्यात सापडणार नाही.

तूर्त जाहिरातीला हात लावू नका. आधी तीन गोष्टी गोळा करा.

पहिली, या माणसाची सही किंवा लॉगिन कुठल्या कागदांवर असते ते सगळे कागद. रिकामे फॉर्म नकोत, गेल्या आठवड्याचे भरलेले हवेत.

दुसरी, सध्या ते काम कोण कोण वाटून करतंय ते. जागा रिकामी असते तेव्हा ही माहिती फुकट मिळते, कारण ज्याच्या गळ्यात काम पडलंय तो तक्रार करत मोजून सांगतो.

तिसरी महत्त्वाची. साहेब, उत्पादनप्रमुख आणि क्वालिटीवाले यांना वेगवेगळं गाठा आणि विचारा: डिस्पॅचच्या माणसामुळे काम वाचलं किंवा बिघडलं, असा नजीकचा एखादा प्रसंग सांगा. काय घडलं, त्याने काय केलं, काय करायला हवं होतं, एवढंच. "तो कसा होता?" असं विचारू नका. ते विचारलंत की पुन्हा 'डायनॅमिक' ऐकायला मिळेल. ही पद्धत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या हवाई दलासाठी काम करताना फ्लॅनागन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती बसवली आणि १९५४ मध्ये त्याने ती लिहून काढली. वैमानिकाबद्दलही वरिष्ठ "त्याच्यात दम नाही" असलंच काहीतरी लिहायचे. त्यातून नेमकं काय चुकलं ते कळत नसे.

---

मिताली_जे

छान धागा! माझा पण असाच प्रश्न आहे. मी शाळेत शिकवते आणि आता कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये जायचंय. बायोडेटात 'गो-गेटर' लिहिलं तर चालेल का? की 'सेल्फ-स्टार्टर' बरं?

---

सुन्या_सांगलीकर

मिताली मॅडम, इथे ते शब्द काढायचं चाललंय, तुम्ही घालायला निघालात. 😄

---

जुना_टाइमऑफिस

मिताली, दोन्ही नकोत. किती मुलांना काय शिकवलं आणि त्यांना शेवटी काय करता येऊ लागलं ते लिहा. बाकीचं वेगळ्या धाग्यात बोलू, इथे प्रेसशॉपताईंचं राहून जाईल.

---

प्रेसशॉप_चाकण

काका, तिघांशी बोलले. साहेब आणि क्वालिटीवाले दोघांनी एकाच माणसाबद्दल 'ओनरशिप नव्हती' म्हटलं, पण प्रसंग वेगळे निघाले.

प्रसंग एक (क्वालिटीकडून): संध्याकाळी साडेसहाला गाडी भरायची होती. पाठवणीपूर्व तपासणीच्या रिपोर्टवर सही नव्हती, कारण क्वालिटीचा माणूस सहाला निघून गेला होता. ड्रायव्हर घाई करत होता. आमच्या माणसाने गाडी सोडली. ग्राहकाकडे अख्खा लॉट रिजेक्ट झाला, क्लॅम्पच्या कडेला कापताना राहिलेली धारदार बर होती.

प्रसंग दोन (साहेबांकडून): पुढे कधीतरी तशीच वेळ आली, तेव्हा त्याने गाडी अडवून धरली. सकाळी ग्राहकाचा फोन आला की लाइन थांबायच्या बेतात आहे. साहेब म्हणतात, "डोकं चालवून सोडायला हवी होती."

म्हणजे सोडली तरी ओनरशिप नाही आणि अडवली तरी नाही!

---

जुना_टाइमऑफिस

आता 'ओनरशिप'पुढे काय लिहायचं ते तुम्हाला का सुचत नव्हतं ते कळलं ना? तुमची भाषा कमी पडत नव्हती. सहीशिवाय गाडी सोडायची की नाही हे कंपनीने ठरवलेलंच नाही. न ठरवलेलं काम त्या शब्दाखाली झाकून ठेवलंय आणि ठरवायचा भार कमी पगाराच्या माणसावर टाकलाय. हे तुम्ही टेबलावर बसून लिहू शकत नाही. साहेबांनीच ठरवायला हवं.

त्यांना प्रश्न मात्र असा विचारा की उत्तर हो-नाहीत येईल. "सहा वाजून गेलेत, रिपोर्टवर सही नाही, गाडी दारात आहे. डिस्पॅचवाला ती थांबवू शकतो का? हो असेल, तर त्याने कुणाला फोन करायचा? सोडायची परवानगी कोण देणार आणि ती कुठे लिहिलेली असेल?"

असे शब्द जाहिरातीत आणखी असतील. 'प्रेशर' तपासा, 'एंड-टू-एंड' तपासा. 'टीम प्लेअर'मागे बहुधा काही सापडणार नाही. तो सरळ खोडा.

---

लघुउद्योजक_सातपूर

दुसरी बाजू पण ऐका. आमच्याकडे एका सल्लागाराने अशी बारीक यादी करून दिली. त्यानंतर फोर्कलिफ्टचा माणूस रजेवर होता म्हणून एकाला बिन सरकवायला सांगितलं, तर म्हणाला, "हे माझ्या कामात नाही." साठ माणसांच्या कारखान्यात प्रत्येकाने थोडं इकडचं तिकडचं करावंच लागतं. मोघम ठेवलेलंच बरं पडतं.

---

सुन्या_सांगलीकर

सातपूरवाले साहेब, इकडचं तिकडचं आम्ही करतो हो. पण मोघम ठेवलं की इकडचं तिकडचं हेच मुख्य काम होतं आणि मुख्य काम रात्री नऊला सुरू होतं. माझा दिवस लिहितो, ताईंना उपयोग होईल. सकाळी कस्टमरच्या पोर्टलवरून आजची मागणी काढायची. तयार मालाचा साठा हाताने मोजायचा, कारण सिस्टीममधला आकडा आणि रॅकवरचा आकडा कधी जुळत नाही. कमी पडणारा पार्ट उत्पादनाला सांगायचा. पॅकिंग, बिनवर टॅग. इनव्हॉइस, ई-वे बिल, मग पोर्टलवर गाडी येतेय म्हणून आगाऊ सूचना टाकायची. तिच्यात इनव्हॉइस नंबर चुकला की कस्टमरच्या गेटवर गाडी उभी. रिकामे बिन परत आणायचे. दुसऱ्या दिवशी पोच बघायची, कमी भरलं तर डेबिट नोट येते, तिचा पाठपुरावा.

आणि हो, बिलाची चूक कधी सापडते याला फार महत्त्व आहे. ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल २४ तासांत रद्द करता येतं. नंतर इनव्हॉइसला क्रेडिट नोट काढत बसा. म्हणून मी रात्री निघण्याआधी दिवसाची सगळी बिलं एकदा ताडून बघतो. हे कुठल्याच जाहिरातीत नसतं.

---

जुना_टाइमऑफिस

सुन्या, वा! शेवटचा परिच्छेद तर जसाच्या तसा कामाच्या यादीत जाण्यासारखा आहे.

सातपूरकरांचा मुद्दा टाकाऊ नाही. 'वेळोवेळी सांगितलेली इतर कामे' ही ओळ मी पण ठेवतो, पण तिला कुंपण घालून: याच खात्यातली किंवा रजेवरच्या माणसाची, आणि रोजची झाली तर यादीत लिहून घ्यायची. बिन सरकवण्याचं म्हणाल, तर परवाना नसलेल्या माणसाला फोर्कलिफ्टवर बसवलं असेल तर त्याने नाही म्हटलं ते योग्यच.

---

लघुउद्योजक_सातपूर

फोर्कलिफ्टवर नाही, हँड पॅलेट ट्रकने. पण असो. कुंपणवाली ओळ पाहिली, तरी माझं मत फारसं बदललेलं नाही.

---

प्रेसशॉप_चाकण

सुन्याभाऊ, तुमची यादी प्रिंट काढून आमच्या कागदांशी ताडली. आमच्याकडे आणखी दोन निघाली. प्लेटिंगला माल चलनावर बाहेर पाठवून परत आल्यावर मोजून घेणं आणि ग्राहकांच्या अकाउंट्सला पेमेंटसाठी फोन करणं. 'एंड-टू-एंड'मध्ये हे दडलं होतं.

सध्या हे काम तिघांत वाटलंय. त्यांच्याकडून रोजचा वेळ घेतला. मागणी काढून उत्पादनाला देणं पाऊण तास. साठा मोजणं पाऊण तास. पॅकिंग, टॅग आणि तपासणी रिपोर्ट मिळून अडीच तास. पाच बिलं, प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. गाड्या ठरवणं आणि भरणं दोन तास. प्लेटिंग दीड तास. रिकामे बिन अर्धा तास. पोच आणि डेबिट नोटा एक तास. पेमेंटचे फोन एक तास.

बेरीज अकरा तास चाळीस मिनिटं! आणि जेवणाची सुट्टी सोडून शिफ्ट आठ तासांची.

---

रिया_एन

ओह. म्हणजे 'मल्टिटास्कर' आणि 'प्रेशर' हे दीड माणसाचं काम एकाला देण्याचं गोड नाव होतं. आमच्याकडेही हे तपासायला हवं खरं तर.

---

जुना_टाइमऑफिस

लोक सांगताना वेळ थोडा फुगवतात, म्हणून निदान बिलांचा आणि गाडी भरण्याचा वेळ स्वतः उभं राहून मोजा. तरी पावणेबाराचे आठ होणार नाहीत. कामं हलवावी लागतील. कुठली हलवायची ते असं बघा: कुठलं काम दुसऱ्या खात्याच्या कागदावर सुरू होतं आणि तिथेच संपतं?

प्लेटिंगचं चलन स्टोअर्सचं आहे. जॉब वर्कला गेलेला माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर जीएसटीच्या हिशेबात तो पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असं धरतात. शिवाय पाच कोटींच्या वर उलाढाल असेल तर दर सहामाहीला आयटीसी-०४ हे जॉब वर्कच्या मालाचं विवरणपत्र भरायचं असतं. तो हिशेब ज्याच्याकडे राहणार आहे त्यानेच चलन काढावं. पेमेंटचे फोन अकाउंट्सचे. तपासणीचा रिपोर्ट क्वालिटीने भरायचा, डिस्पॅचने फक्त सही आहे का ते बघायचं.

---

प्रेसशॉप_चाकण

साहेबांसमोर हीच बेरीज ठेवली. स्टोअर्स आणि अकाउंट्सकडे अडीच तास गेले. रिपोर्ट भरायचा एक तास क्वालिटीकडे गेला, त्यावर त्यांची बरीच कुरबूर झाली. उरले आठ तास दहा मिनिटं. साहेब म्हणाले, दहा मिनिटं चालतील. 🙂

आणि गाडीचा निर्णयही झाला. सहीशिवाय गाडी निघणार नाही, डिस्पॅचवाला ती थांबवू शकतो. सहानंतर क्वालिटीप्रमुखांना फोन. सोडायची परवानगी फक्त प्लांटप्रमुखांची, आणि तीही ग्रुपवर लेखी. माल कमी पडणार असेल तर दुपारी दोनच्या आत ग्राहकाच्या स्टोअर्सला कळवायचं. क्वालिटीने आठपर्यंत एक माणूस ठेवायचा की नाही, यावर मात्र अजून वाद चालू आहे.

---

वकिली_चष्मा

दोन गोष्टी सांगतो. 'पुरुष' हा शब्द आजच काढा. भरतीत लिंगावरून भेदभाव करायला १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे आणि वेतन संहितेतही ती तरतूद आहे. कायद्यानेच त्या कामावर स्त्रियांना बंदी असेल तेवढाच अपवाद, तो इथे लागू होत नाही.

दुसरं, 'एक्झिक्युटिव्ह' हे पदनाम दिलं की माणूस 'कामगार' राहत नाही अशी बऱ्याच मालकांची समजूत असते. जुना औद्योगिक विवाद कायदा घ्या की आताची औद्योगिक संबंध संहिता, बघितलं जातं ते तो मुख्यतः कुठलं काम करतो ते. कामाची खरी यादी लिहिलीत की ती पुढे दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून येऊ शकते, हे साहेबांच्या कानावर घाला. म्हणून लपवा असं नाही, खरी लिहा एवढंच.

---

सुन्या_सांगलीकर

'पुरुष' लिहिण्यामागे रात्रीचं थांबणं असतं. त्यापेक्षा सरळ वेळ लिहा ना. सकाळी साडेदहा ते सात, आठवड्यातून एकदोनदा आठ. ज्याला जमेल तो येईल, जिला जमेल ती येईल.

---

प्रेसशॉप_चाकण

@वकिली_चष्मा, धन्यवाद, काढला. वेळही लिहिली. आमची बस साडेसहाला सुटते, त्यानंतर परतीची सोय कंपनीची, हेही साहेबांकडून कबूल करून घेतलंय.

आता अपेक्षांवर अडलेय. पदवी, एमबीए, अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल, दुचाकी, कम्युनिकेशन. यातलं काय ठेवू?

---

जुना_टाइमऑफिस

प्रत्येक अपेक्षेसमोर यादीतलं एक काम लिहा. ज्या अपेक्षेसमोर काम येत नाही ती गेली. जिच्यासमोर येतं तिला दुसरा प्रश्न: हे पहिल्याच दिवशी यायला हवं की महिनाभरात शिकवता येईल? शिकवता येणारं 'असल्यास उत्तम' खाली जातं. तुमच्या ग्राहकाचं पोर्टल बाहेरच्या कुणालाच येत नसणार, त्याचा अनुभव मागून उपयोग नाही.

एक्सेलचं बघा. काम काय, तर मागणी आणि साठा समोरासमोर ठेवून कमी काय पडणार ते काढणं. त्याला फिल्टर, वजाबाकी आणि व्हीलूकअप पुरतं. 'अ‍ॅडव्हान्स्ड' लिहिलंत की ज्याला तेवढंच येतं तो चांगला माणूस अर्जच करणार नाही, आणि थापाड्या मात्र करेल. त्यापेक्षा मुलाखतीत तुमचीच एक जुनी मागणीची शीट आणि साठ्याची शीट द्या. दोनतीन पार्ट नंबर मुद्दाम वेगळ्या पद्धतीने टाइप केलेले ठेवा, एखाद्याच्या मागे स्पेस. वीस मिनिटांत कमी पडणारे पार्ट सांगायचे. व्हीलूकअपने चुकलेले पार्ट जो हाताने शोधून काढतो, तो तुमचा माणूस.

कम्युनिकेशनचंही तसंच. तुमच्या प्रसंगांमध्ये भाषण कुठेच नाही. ग्राहकाला वेळेत वाईट बातमी देणं आहे. म्हणून तेच लिहून घ्या: "४०० नग कमी आहेत, उद्या अकराला येतील, स्टोअर्सला ईमेल करा." पार्ट नंबर, संख्या, कारण, नवी वेळ या चार गोष्टी इंग्रजीत दोनतीन ओळींत आल्या की पुरे. व्याकरण सोडून द्या.

---

रिया_एन

हे मला पटलं. पण पदवी काढू नका. अर्जांचा ढीग येतो तेव्हा चाळणी काहीतरी लागतेच.

---

जुना_टाइमऑफिस

चाळणी हवी हे खरं. पण मग कामाच्या जवळची लावा. 'कारखान्यात रोजच्या डिस्पॅचवर किमान दोन वर्षे, ई-वे बिल स्वतः काढलेलं' ही पदवीपेक्षा बारीक चाळणी आहे आणि फोनवर दोन प्रश्नांत तपासता येते. गाडीचा नंबर ऐनवेळी बदलला तर काय करता, असं विचारा. ज्याने काम केलंय तो लगेच सांगेल की बिल रद्द करायची गरज नाही, वाहनाचा तपशील, म्हणजे पार्ट बी, नवा भरायचा.

---

सुन्या_सांगलीकर

मी बारावी आहे. तरी सांगतो, पार्ट बीच. 😎

---

प्रेसशॉप_चाकण

पदवीवर साहेब अडून आहेत. "पुढे प्रमोशन द्यायचं तर?" म्हणतात. मी 'पदवी किंवा बारावी आणि डिस्पॅचचा चार वर्षांचा अनुभव' यावर आणलंय, बघू. दुचाकी काढली. गाडी ग्राहकाच्या गेटवर अडली की तिथे जायला ती हवी होती, पण ते महिन्यातून एखाद्या वेळी होतं आणि कंपनीची गाडी असतेच. एमबीए आणि वयही गेलं. मसुदा असा झालाय:

*"डिस्पॅच सहायक (पद एक). ठिकाण चाकण. वेळ सकाळी १०.३० ते सायं. ७, आठवड्यातून एकदोनदा रात्री ८ पर्यंत. सायं. ६.३० नंतर परतीची सोय कंपनीची. प्लांटप्रमुखांच्या हाताखाली. पगार हातात २२ ते २६ हजार, अनुभवानुसार.*

*काम: रोज तीन ग्राहकांची मागणी पोर्टलवरून काढून तयार साठ्याशी ताडणे, कमी पडणारे पार्ट सकाळी ११.३० पर्यंत उत्पादनाला आणि तरीही कमी पडणार असल्यास दुपारी २ च्या आत ग्राहकाला कळवणे. पॅकिंग व टॅग तपासणे. क्वालिटीची सही नसलेली गाडी थांबवणे. रोज सुमारे पाच इनव्हॉइस, ई-वे बिल व पोर्टलवरची आगाऊ सूचना काढणे आणि निघण्याआधी दिवसाची बिले पुन्हा ताडणे. गाड्या ठरवणे, रिकाम्या बिनांची नोंद, पोच आणि डेबिट नोटांचा पाठपुरावा.*

*पहिल्या दिवसापासून हवे: कारखान्यात डिस्पॅचचा किमान दोन वर्षांचा अनुभव, ई-वे बिल स्वतः काढलेले, एक्सेलमध्ये दोन याद्या ताडता येणे, ड्रायव्हरांशी हिंदीत बोलता येणे, इंग्रजीत छोटा ईमेल लिहिता येणे. ग्राहकांची पोर्टल आम्ही शिकवू. मुलाखतीत वीस मिनिटांचे एक्सेलचे आणि एका ईमेलचे काम दिले जाईल."*

पगार छापायला साहेब कसेबसे तयार झालेत. जुन्या लोकांना कळेल ही त्यांची भीती आहे.

---

लघुउद्योजक_सातपूर

ती भीती रास्त आहे. मी तरी पगार छापणार नाही. स्टोअर्सचा माणूस उद्या विचारेल, त्याला काय सांगणार? बाकी मसुदा, खरं सांगायचं तर, मी जपून ठेवतोय.

---

वकिली_चष्मा

'हातात २२ ते २६' असं लिहू नका. कपाती माणसागणिक बदलतात, पीएफच्या रकमेवरून पुढे वाद होतील. एकूण मासिक पगार लिहा आणि पीएफ त्यातच की वर, ते स्पष्ट करा.

---

सुन्या_सांगलीकर

ताई, एकच राहिलं. महिन्याचे शेवटचे तीन दिवस. तेव्हा पाच बिलांची दहा-बारा होतात, कारण सगळ्यांना विक्री याच महिन्यात दाखवायची असते. तुमचं आठ तास दहा मिनिटांचं गणित त्या दिवसांत कोलमडणार. तेव्हा दुसरा माणूस कोण?

---

प्रेसशॉप_चाकण

हे कुणीच बोललं नव्हतं. मागच्या तीन महिन्यांची तारखेवार बिलं अकाउंट्सकडे मागितली आहेत. मिळाली की त्या दिवसांसाठी स्टोअर्समधून कुणाला द्यायचं ते साहेबांना विचारते. तोवर जाहिरात टाकत नाही.

---

जुना_टाइमऑफिस

बिलांच्या वेळाही मागा, नुसत्या तारखा नकोत. शेवटच्या तीन दिवसांतली बिलं सहानंतर निघत असतील, तर क्वालिटीचा आठपर्यंतचा माणूस निदान तेवढे दिवस तरी लागेल.